खोडलेला ठिपका: परिमेय फलनाचा आलेख शिकवताना यादी कुठे अडली

वही तपासताना मला उत्तरापेक्षा खाडाखोड जास्त सांगून जाते. या प्रकरणाची सुरुवातही एका खोडलेल्या ठिपक्यापासून झाली. आलेख कागदावर y = 1 या तुटक रेषेवर, x = -1 च्या बरोबर वर, पेन्सिलीने काढलेला आणि मग रबराने जोर लावून पुसलेला एक ठिपका होता. कागद तिथे थोडा झिजला होता. शेजारी समासात f(-1) दोनदा काढलेलं होतं आणि दोन्ही वेळा उत्तर 1 आलं होतं. म्हणजे आकडेमोड बरोबर होती, ठिपकाही बरोबर जागी पडला होता, आणि तरीही त्या मुलीने तो पुसून टाकला होता.

उदाहरण एका परिमेय फलनाचं, म्हणजे बहुपदी भागिले बहुपदी, असं होतं:

f(x) = (x² − 3x) / (x − 1)²

मी मुलांना आलेख काढण्यासाठी एक यादी दिली होती. छेद कुठे शून्य होतो ते काढा, म्हणजे उभ्या अनंतस्पर्शी, वक्र ज्यांच्या जवळ जवळ जात राहतो त्या रेषा, मिळतील. अंश-छेदाच्या घातांची तुलना करा, म्हणजे आडवी मिळेल. आलेख दोन्ही अक्षांना कुठे कापतो ते काढा. चार-पाच बिंदूंचा तक्ता करा. मग बिंदू जोडा. तिच्या वहीत या सगळ्यांसमोर बरोबरच्या खुणा होत्या. उभी x = 1, आडवी y = 1, X-अक्षावर 0 आणि 3, तक्त्यात (2, −2) आणि (4, 0.44). एकही आकडा चुकलेला नव्हता. फक्त आलेख चुकला होता.

उजवी बाजू ठीक होती: x = 1 ला लागून खालून वर येणारी, (3, 0) मधून जाणारी आणि y = 1 च्या खालून तिच्याकडे झुकणारी रेघ. डावी बाजू मात्र अशी होती की वक्र y = 1 च्या खालून येतो, उतरत (0, 0) ला टेकतो, तिथून वळतो आणि x = 1 ला लागून थेट वर निघून जातो.

मी तिला बोलावून विचारलं, "इथे शून्यापाशी वळवलंस, ते कशावरून?"

"मॅडम, उजवीकडून खाली जातोय ना, मग डावीकडून वर जायला हवा. एक बाजू वर, एक बाजू खाली."

"आणि हा ठिपका का पुसलास?"

"तो रेषेवरच येत होता. अनंतस्पर्शीला आलेख शिवत नाही म्हणून माझंच काहीतरी चुकलं असणार असं वाटलं. दोनदा केलं, तेच आलं. मग सोडून दिला."

तिच्या दोन्ही उत्तरांत एकेक नियम आहे, दोन्ही नियम खोटे आहेत, आणि दोन्ही तिला माझ्याकडूनच मिळाले होते. मी तोंडाने ते नियम म्हणून सांगितले नव्हते, पण पहिलं उदाहरण म्हणून मी 1/x घेतलं होतं. त्यात शून्याच्या एका बाजूला वक्र वर जातो आणि दुसऱ्या बाजूला खाली, आणि X-अक्षाला तो कधीच शिवत नाही. त्यानंतरची तीन-चार उदाहरणंही त्याच जातीची होती. मुलांनी त्यातून जे समान दिसलं ते उचललं. यादीत या दोन गोष्टींबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिथे रिकामी राहिलेली जागा त्यांनी 1/x ने भरली.

"शिवत नाही" हा समज तर शब्दातच दडलेला आहे. इंग्रजी asymptote ज्यावरून आला त्या ग्रीक शब्दाचा अर्थ "एकत्र न येणारी" असा आहे, आणि ग्रीक गणिती अपोलोनियसने तो अपास्ताच्या, म्हणजे हायपरबोलाच्या, संदर्भात वापरला तेव्हा तो अगदी चपखल होता, कारण अपास्त आपल्या अनंतस्पर्शींना खरोखरच कुठेही भेटत नाही. परिमेय फलनांचा संसार मात्र त्याहून मोठा आहे. आपला मराठी शब्द मला इथे जास्त प्रामाणिक वाटतो: अनंतस्पर्शी, म्हणजे अनंतावर स्पर्श करणारी. ती अनंताकडे जाताना काय होतं एवढंच सांगते. अलीकडे, x = -1 पाशी काय होतं, याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. मी हा शब्द वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, पण फोडून सांगितला नव्हता.

तिच्या आलेखातली खरी मेख मला नंतर घरी बसून नीट पाहिल्यावर दिसली. तक्त्यातले सगळे बिंदू पूर्णांक होते. 0 आणि 1 च्या मध्ये एकही पूर्णांक नाही. म्हणजे जिथे वक्राने खाली बुडी मारायची होती, नेमका तोच तुकडा तक्त्यात नव्हता. तिने x = 1/2 घेऊन पाहिलं असतं तर f(1/2) = −1.25/0.25 = −5 मिळालं असतं आणि वर जाणारी रेघ तिथेच अडली असती. पण "अजून एक बिंदू घे" हा उपाय म्हणून पुरेसा नाही. कुठला बिंदू घ्यायचा हे आधी कळायला हवं, आणि ते कळण्यासाठी आकार आधीच थोडा माहीत हवा. बिंदू जोडून आलेख काढायची सवय सरळ रेषेला आणि पॅराबोलाला चालून जाते, कारण ते वक्र मध्येच तुटत नाहीत. इथे वक्राचे तुकडे पडतात आणि सगळी धामधूम त्या तुकड्यांच्या कडांवर असते. कडेला बिंदू टाकून भागत नाही, दिशा लागते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. माझ्या जुन्या यादीतली प्रत्येक पायरी "काढा" म्हणत होती, म्हणजे आकडा काढा. आकडे वहीच्या डाव्या पानावर साठत गेले आणि आलेख उजव्या पानावर, शेवटच्या पायरीत, आठवणीतून काढला गेला. दोन्ही पानं एकमेकांशी बोललीच नाहीत. म्हणून यादी नव्याने लिहिताना मी एकच अट घातली: प्रत्येक पायरी संपताना आलेख कागदावर काहीतरी खूण पडली पाहिजे. ठिपका, तुटक रेषा, बाण, काहीही चालेल. ज्या पायरीने कागदावर खूण पडत नाही ती पायरी यादीत नको.

नवी यादी अशी झाली:

1. अंश आणि छेद यांचे अवयव पाडा. समान अवयव असेल तर तो काढून टाका, आणि उरलेला छेद त्या x वर शून्य होत नसेल तर तिथे पोकळ ठिपका ठेवा.
2. उरलेला छेद जिथे शून्य होतो तिथे उभी तुटक रेषा. तिच्या माथ्यावर त्या अवयवाचा घात सम की विषम ते लिहा.
3. उरलेला अंश जिथे शून्य होतो तिथे X-अक्षावर ठिपका, त्याच्याजवळही सम की विषम. f(0) चा ठिपका Y-अक्षावर.
4. उरलेला अंश किंवा छेद जिथे शून्य होतो त्या x ने अक्षाचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यावर फलनाचं चिन्ह लिहून चिन्हांची पट्टी करा. जिथे वक्र जाऊ शकत नाही तो भाग हलकेच रेघोट्यांनी बुजवा.
5. प्रत्येक उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक बाण, वर की खाली ते पट्टी पाहून.
6. दूरची रेषा, म्हणजे दोन्ही टोकांना वक्र जिच्याजवळ जातो ती आडवी किंवा तिरकी अनंतस्पर्शी, काढा. f(x) वजा ती रेषा, असा फरक मांडा. फरकाच्या चिन्हावरून दोन्ही टोकांना रेषेच्या वर किंवा खाली बाण. फरक शून्य होतो तिथे रेषेवर ठिपका.
7. बाण मोजा. मग बाण आणि ठिपके जोडा.

पहिल्या पायरीबद्दल फार बोलत नाही. ती पहिलीच का, एवढं सांगते: (x² − 9)/(x² − 2x − 3) मध्ये छेद x = 3 आणि x = -1 ला शून्य होतो, म्हणून जुन्या यादीने मुलं दोन उभ्या रेषा काढून मोकळी व्हायची. अवयव पाडले की (x − 3) वर-खाली दोन्हीकडे दिसतो, उरतं (x + 3)/(x + 1), आणि x = 3 ला भिंत नसून (3, 1.5) वर एक पोकळ ठिपका असतो. हे आधी पाहिलं नाही तर पुढच्या सगळ्या पायऱ्या एका नसलेल्या भिंतीभोवती फिरतात.

आता तेच उदाहरण, नव्या यादीने. दुसऱ्या दिवशी मी ते फळ्यावर न सोडवता तिलाच शेजारी बसवून सोडवायला सांगितलं आणि फक्त प्रश्न विचारत राहिले.

अवयव: वर x(x − 3), खाली (x − 1)². समान काहीच नाही. उभी तुटक रेषा x = 1 वर, माथ्यावर "सम". X-अक्षावर 0 आणि 3, दोन्हींजवळ "विषम". f(0) शून्यच असल्याने Y-अक्षावर वेगळा ठिपका नाही.

मग चिन्हांची पट्टी. 0, 1 आणि 3 ने अक्षाचे चार तुकडे पडतात. छेद वर्ग असल्याने नेहमी धन, म्हणून फक्त x(x − 3) कडे बघायचं:

```
x < 0       :  +
0 < x < 1   :  −
1 < x < 3   :  −
x > 3       :  +
```

इथे ती थांबली. "मॅडम, एकच्या दोन्ही बाजूंना वजा?"

"तू सांग."

तिने पुन्हा पडताळलं. 0 आणि 1 च्या मध्ये x धन, x − 3 ऋण, म्हणून गुणाकार ऋण. 1 आणि 3 च्या मध्येही तेच. 1 ओलांडताना फक्त (x − 1) चं चिन्ह बदलतं, आणि तो वर्गात आहे, त्यामुळे बदल कळतच नाही. "म्हणजे दोन्हीकडून खालीच," असं म्हणत तिने x = 1 च्या दोन्ही बाजूंना खाली जाणारे बाण काढले. मग माथ्यावर स्वतःच लिहिलेल्या "सम" कडे बोट नेलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. "एक वर, एक खाली" हा नियम फक्त विषम घाताचा आहे हे मी तिला सांगितलं नाही. माथ्यावरच्या "सम"मुळे ते तिचं तिला उमगलं.

रेघोट्यांनी बुजवलेल्या भागाने आणखी एक काम केलं. 0 आणि 1 च्या मध्ये X-अक्षाच्या वरचा सगळा भाग आता बंद होता. कालची वर जाणारी रेघ नेमकी त्या बंद भागातून गेली असती. शिवाय 0 जवळ "विषम" लिहिलेलं होतं, म्हणजे वक्र अक्षाला टेकून परत फिरू शकत नाही, त्याला आरपार जावं लागतं. एकाच चुकीला आता दोन वेगवेगळ्या खुणा आडव्या येत होत्या. यादीकडून मला हेच हवं होतं: चूक झाली तर कागदावर दोन खुणांचं भांडण दिसलं पाहिजे. जुन्या यादीत भांडण व्हायला दोन खुणाच नव्हत्या.

सहावी पायरी सगळ्यात जास्त वेळ घेते आणि तिला तो द्यायलाच हवा. अंश-छेदाचे घात सारखे, अग्रसहगुणक 1 आणि 1, म्हणून दूरची रेषा y = 1. इथवर जुनी यादीही आणत होती. आता फरक:

f(x) − 1 = (x² − 3x − x² + 2x − 1) / (x − 1)² = −(x + 1) / (x − 1)²

हा एक अपूर्णांक तीन प्रश्नांची उत्तरं देतो. x खूप मोठा धन असेल तर फरक ऋण, म्हणजे उजव्या टोकाला वक्र रेषेच्या खाली. x खूप मोठा ऋण असेल तर −(x + 1) धन होतं, म्हणजे डाव्या टोकाला वक्र रेषेच्या वर. आणि x = -1 ला फरक शून्य, म्हणजे तिथे वक्र रेषेवरच आहे. तो पुसलेला ठिपका परत आला, आणि या वेळी तो तक्त्यातून अचानक न उपटता समीकरणातून आला.

उभ्या रेषेला वक्र शिवू शकत नाही आणि आडवीला शिवू शकतो, हा फरक मुलांना पटवायला मी आता एवढंच विचारते: "कुणी मनाई केली आहे?" x = 1 ला मनाई आहे, कारण तिथे छेद शून्य होतो आणि फलनाला किंमतच नाही. y = 1 ला मनाई कुठेच लिहिलेली नाही. f(x) = 1 हे एक साधं समीकरण आहे. सोडवा, उत्तर मिळालं तर वक्र तिथे रेषेला भेटतो, नाही मिळालं तर भेटत नाही. 1/x च्या बाबतीत 1/x = 0 ला उत्तर नाही, म्हणून तिथे भेट होत नाही. त्या न होणाऱ्या भेटीचा आपण नियम करून बसलो होतो.

आता बाण मोजायचे. उभी रेषा एक असेल तर तिचे दोन बाण, आणि दोन टोकांचे दोन, असे एकूण चार. उभ्या रेषा k असतील तर 2k + 2. एकही बाण कमी असेल तर वक्र काढायला घ्यायचा नाही. हा मोजण्याचा नियम इतका साधा आहे की मुलं तो कधी चुकत नाहीत, आणि एकमेकांच्या वह्यांत पटकन बघतातही.

तिचे चार बाण झाले. ठिपके तीन: (−1, 1), (0, 0), (3, 0). उजवा तुकडा आपोआप जोडला गेला. डावीकडे तिने (−1, 1) पासून (0, 0) मधून खालच्या बाणापर्यंत रेघ ओढली. मग डाव्या टोकाचा बाण आणि (−1, 1) हे दोन उरले. बाण सांगतो की वक्र रेषेच्या वर आहे आणि डावीकडे जाईल तसा रेषेला चिकटत जातो. ठिपका सांगतो की -1 ला तो रेषेवर आहे.

"मग मध्ये काय होतं?"

ती म्हणाली, "वर जाऊन परत येतो. टेकाड असणार."

बरोबर. डाव्या टोकाला रेषेपासूनची उंची शून्याकडे जाते, -1 ला ती शून्य असते आणि मध्ये सगळीकडे धन असते. म्हणजे मध्ये कुठेतरी सर्वांत जास्त असलीच पाहिजे. विकलनाचं नावही न घेता शिखर आहे हे सिद्ध झालं. ते कुठे आहे, हा पुढचा प्रश्न.

ज्यांना विकलन येतं त्यांना f′(x) = (x + 3)/(x − 1)³ मिळतं आणि शिखर x = -3 ला. माझ्या वर्गात तो धडा अजून व्हायचा होता, म्हणून आम्ही वेगळ्या वाटेने गेलो. y = k ही आडवी रेषा वक्राला किती ठिकाणी कापते? x² − 3x = k(x − 1)² मांडलं की (1 − k)x² + (2k − 3)x − k = 0 हे वर्गसमीकरण मिळतं. त्याचा विवेचक (2k − 3)² + 4k(1 − k), सोपं करून 9 − 8k. विवेचक शून्य तेव्हा k = 9/8, दोन्ही मुळं एकच, x = -3. त्याहून वरची रेषा वक्राला भेटतच नाही. शिखर (−3, 9/8).

इथे एक अशी अडचण आली जिची मी कल्पना केली नव्हती. 9/8 म्हणजे 1.125. आलेख कागदावर एका एककाला एक सेंटिमीटर घेतलं तर ते टेकाड रेषेपासून सव्वा मिलिमीटर उंच येतं. बोथट पेन्सिलीची रेघ त्यातच जाते. तिने ते मोजून काढलं आणि ते तुटक रेषेत मिसळून गेलं. वर्गातल्या एका मुलाने फोनवरच्या आलेख काढणाऱ्या अ‍ॅपमध्ये फलन टाकून दाखवलं: "मॅडम, टेकाड नाहीच आहे, रेषेला चिकटूनच जातंय." पडद्यावर खरंच तसं दिसत होतं. f(−2) आणि f(−5) दोन्ही 10/9, f(−10) जेमतेम 1.07. डाव्या बाजूला वक्र कित्येक एकक रेषेच्या अगदी अंगाला लागून जातो. मी त्याला फक्त उभ्या दिशेने मोठं करून पाहायला सांगितलं. तेव्हा टेकाड दिसलं, आणि वक्र रेषेला ओलांडतो तेही दिसलं.

त्या दिवशी "कच्चा आलेख" या शब्दाचा अर्थ आम्ही वर्गात पक्का केला. कच्चा आलेख मापाचा नसतो, तो आकाराचा असतो. टेकाड आहे हे दिसण्यासाठी ते मोठं करून काढायचं आणि शेजारी खरे निर्देशांक लिहायचे. अंतरं ताणली तरी चालतील, पण वर-खाली, आधी-नंतर, ओलांडतो की टेकतो, हे बदलता कामा नये. मुलांना हे मोकळीक दिल्यासारखं वाटतं, पण उलट आहे. मापाच्या आडोशाला लपून राहणारी चूक आकारात लपत नाही.

यादी बदलल्यावर चुका संपल्या असं नाही, त्यांची जागा बदलली. सर्वांत जास्त दिसलेली नवी चूक म्हणजे सहाव्या पायरीत मिळालेला x चौथ्या पायरीच्या पट्टीत घुसवणं. काही मुलांनी -1 वर पट्टीचा नवा तुकडा पाडला आणि तिथे f चं चिन्ह बदललं. f(−1) तर 1 आहे, तिथे f चं चिन्ह बदलायचं कारणच नाही. चिन्ह बदलतं ते f(x) − 1 चं. पट्टी X-अक्षाच्या वर-खालीची आहे आणि फरक दूरच्या रेषेच्या वर-खालीचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आता मी पट्टी X-अक्षाखाली काढायला लावते आणि फरकाची चिन्हं त्या तुटक रेषेच्या दोन टोकांनाच लिहायला लावते. दोन जागा वेगळ्या केल्यापासून ही गल्लत बरीच कमी झाली.

दुसरी चूक पहिल्या पायरीची: काढून टाकलेला अवयव पट्टीत परत येतो. (x + 3)/(x + 1) च्या उदाहरणात कुणी 3 ला चिन्ह बदलून टाकतं. पोकळ ठिपका पट्टीवर तुकडा पाडत नाही, तिथून चिन्ह सलग जातं.

यादीची मर्यादाही सांगायला हवी. बाण आणि ठिपके यांच्यावरून कमीत कमी किती वळणं असलीच पाहिजेत ते कळतं. नेमकी किती, ते कळत नाही. दोन ठिपक्यांच्या मध्ये वक्र सरळ उतरतो की एकदा वर येऊन उतरतो, हे खुणा सांगू शकत नाहीत. त्याला विकलन लागतं, किंवा वर केलं तसं विवेचकाचं काम, आणि विवेचक तर समीकरण वर्गसमीकरण असेल तरच हाताशी येतो. म्हणून सातव्या पायरीत मी मुलांना सांगते की जोडताना गरजेपेक्षा जास्त वळण देऊ नका, आणि "इथे आणखी वळणं आहेत का ते तपासलं नाही" असं वाटलं तर तसं लिहा. अंशाचा घात छेदापेक्षा एकने जास्त असेल तेव्हा दूरची रेषा तिरकी होते, पण सहावी पायरी शब्दही न बदलता चालते: भागाकार करा, भागफल ही रेषा, बाकी भागिले छेद हा फरक. x²/(x − 1) मध्ये रेषा x + 1, फरक 1/(x − 1), तो शून्य होतच नाही, म्हणून तिथे भेट नाही.

आठवड्याने मी त्या मुलीला दुसरं उदाहरण दिलं:

g(x) = (2x² − 8) / (x² − 2x − 3)

अवयव 2(x − 2)(x + 2) आणि (x − 3)(x + 1). उभ्या रेषा -1 आणि 3 वर, दोन्ही विषम. X-अक्षावर -2 आणि 2, तेही विषम. Y-अक्षावर 8/3. पट्टीत चिन्हं आळीपाळीने: +, −, +, −, +. x = -1 ला डावीकडे खाली, उजवीकडे वर. x = 3 लाही डावीकडे खाली, उजवीकडे वर. दूरची रेषा y = 2, आणि फरक (4x − 2)/(x² − 2x − 3): डाव्या टोकाला ऋण, उजव्या टोकाला धन, शून्य x = 1/2 ला. तिने सहा बाण मोजले, मान डोलावली आणि (1/2, 2) वर ठिपका ठेवला. मग पेन्सिल उचलून थांबली.

"मॅडम, हा ठिपका मधल्या पट्ट्यात आला. दोन उभ्या रेषांच्या मध्ये. इथे आडवी रेषा लागू होते का?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. आणि उत्तर आहे, नाही होत. मधल्या पट्ट्यातून अनंताकडे जायची वाटच नाही, दोन्हीकडे भिंती आहेत. तिथे y = 2 ही कुठल्याही इतर आडव्या रेषेसारखीच एक रेषा आहे आणि वक्र तिला ओलांडून वरून खाली उतरतो, (0, 8/3), (1/2, 2), (2, 0) असा. ठिपका उपयोगाचा आहे, पण तो साध्या बिंदूसारखा.

तिने ते ऐकलं, रबर घेतलं आणि -1 ते 3 मधली y = 2 ची तुटक रेषा पुसून अगदी फिकट केली. दोन्ही बाहेरच्या बाजूंना ती ठळक ठेवली. मग वक्र काढला. तीन तुकडे, तिन्ही उतरते, आणि तिन्ही बरोबर. आता यादीच्या सहाव्या पायरीत एक ओळ वाढली आहे, तिच्या सवयीवरून घेतलेली: दूरची रेषा दोन्ही टोकांना ठळक, मध्ये फिकट.